ऐकू न येणारं मूल चालायलाही उशीर लावत असेल तर: अशर सिंड्रोम वेळेत ओळखण्यासाठी पालकांनी काय करावं

सांगली जिल्ह्यातली एक मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. तिला इथे चिऊ म्हणते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे आमची गाठ कानामुळे पडली. आठव्या महिन्यात आजीच्या लक्षात आलं होतं की मागे ताट पडलं तरी पोर दचकत नाही. आम्ही झोपेत बेरा तपासणी केली. ९० डेसिबलच्या आवाजालाही दोन्ही कानांकडून काहीच उत्तर आलं नाही. म्हणजे जन्मजात, अतितीव्र बहिरेपण.

त्या दिवशी आजी जाता जाता म्हणाली, "मॅडम, हिची मानसुद्धा उशिरा धरली. अजून धड बसत नाही, कलंडते." मी ते ऐकलं, कागदावर लिहिलं आणि कॉक्लियर इम्प्लांटच्या, म्हणजे शस्त्रक्रिया करून आतल्या कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राच्या, बोलण्याकडे वळले. आजीचं ते वाक्य मला तेव्हा नीट कळलं असतं, तर चिऊच्या डोळ्यांचा आजार आठव्या वर्षाऐवजी दुसऱ्या वर्षीच कळला असता. हा लेख त्या सहा वर्षांबद्दल आहे.

कान आणि डोळा एकत्र कसे बिघडतात

चिऊला अशर सिंड्रोम आहे, त्यातला पहिला प्रकार. चार्ल्स अशर या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने १९१४ साली हा आजार आनुवंशिक असल्याचं मांडलं, म्हणून त्याचं नाव लागलं. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात आणि डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पकडणाऱ्या पेशी. या दोन्ही ठिकाणी काही प्रथिनं सारखीच लागतात. ती बनवणारं जनुक बिघडलेलं असलं की कान जन्मापासूनच काम करत नाही. डोळ्याच्या पेशी मात्र सुरुवातीला चालतात आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू मरत जातात. पडद्याच्या या आजाराला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात, दवाखान्यात नुसतं आरपी.

पहिल्या प्रकारात आणखी एक गोष्ट बिघडते, आणि लवकर ओळखण्याची किल्ली तीच आहे. तोल सांभाळणारं यंत्रही आतल्या कानातच असतं, त्यातही तशाच केसपेशी असतात आणि त्याही निकामी असतात. म्हणून हे मूल मान उशिरा धरतं, बसायला उशीर लावतं आणि बहुतेक वेळा दीड वर्ष उलटल्यावरच चालतं. चिऊ एकविसाव्या महिन्यात चालली. नुसतं बहिरेपण असलेलं मूल साधारण वेळेवर चालतं, कारण कानाचा ऐकण्याचा भाग बिघडला तरी तोलाचा भाग बरेचदा शाबूत असतो.

दुसऱ्या प्रकारात तोल ठीक असतो आणि मूल वेळेवर चालतं. बहिरेपणही मध्यम ते तीव्र असतं आणि ते मुख्यतः बारीक, उंच आवाजांचं असतं. अशा मुलाला ढोल ऐकू येतो, दार आपटलेलं कळतं, पण 'स' आणि 'श' निसटतात, आणि बोलतानाही ते हीच अक्षरं गाळतं. ढोल ऐकतो म्हटल्यावर घरच्यांना कान चांगला वाटतो, म्हणून निदान रेंगाळतं. नजरेचा त्रास साधारण किशोरवयात जाणवू लागतो. तिसरा प्रकार विरळा आहे. त्यात ऐकू येणं आणि दिसणं दोन्ही नंतर आणि कमी-जास्त वेगाने घसरतं. पुढचा सगळा मजकूर मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे, कारण वेळेचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच होतो.

पहिली पायरी: हालचालींच्या तारखा लिहून काढा

मुलाला ऐकू येत नाही असं कळलं की त्याच दिवशी वहीत तीन तारखा लिहा. मान कधी धरली, आधाराशिवाय कधी बसलं, आधाराशिवाय चार पावलं कधी टाकली. आठवत नसेल तर मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ बघा, त्यावर तारीख असते. बारशाचे, उष्टावणाचे, पहिल्या वाढदिवसाचे फोटो फार कामाला येतात. पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत मूल एकटं बसलंय की कुणीतरी मागून धरलंय, एवढ्यावरूनही अंदाज येतो.

आणखी एक खूण थोड्या मोठ्या मुलात दिसते. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यातून उतरल्यावर बाकीची मुलं झोकांड्या खातात. हे मूल मात्र सरळ चालू लागतं, कारण चक्कर यायला लागणारं यंत्रच बंद असतं. उलट डोळे मिटून उभं राहायला सांगितलं की ते डळमळतं.

चालायला झालेला उशीर म्हणजे अशरच असं नाही. आईला गरोदरपणात झालेला विषाणूसंसर्ग, बाळाला झालेला मेंदूज्वर किंवा आतल्या कानाची रचनाच वेगळी असणं, यांतही तोल जातो. पण "काही मुलं उशिरा चालतात" असं म्हणून विषय सोडून देऊ नका. बहिरेपण आणि उशिरा चालणं दोन्ही असेल तर पुढच्या तपासण्या मागून घ्या. तीव्र बहिरेपण असलेल्या दर शंभर मुलांमध्ये साधारण तीन ते सहा मुलांना अशर असतो.

दुसरी पायरी: जनुकचाचणी, कानाच्या निदानाबरोबरच

अशर हा आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच होतो. दोघांना स्वतःला काही त्रास नसतो. प्रत्येक गरोदरपणात असं मूल होण्याची शक्यता २५ टक्के. चिऊची आई तिच्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत बऱ्याच समाजांत आहे आणि अशा जोडप्यांत एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. हे मी सांगितलं तेव्हा चिऊच्या आईने मान खाली घातली. म्हणून लगेच हेही सांगते की नात्याबाहेर लग्न केलेल्या कितीतरी घरांतही अशर आढळतो. दोष कुणाचाच नसतो, आणि गरोदरपणी आईने काय खाल्लं किंवा ग्रहण पाळलं की नाही, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

चाचणी मागताना एक काळजी घ्या. बहिरेपणासाठी बरेचदा एकाच, सगळ्यात जास्त आढळणाऱ्या जनुकाची स्वस्त चाचणी केली जाते. ती निर्दोष आली की घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं, पण त्या चाचणीत अशरची जनुकं पाहिलेलीच नसतात. म्हणून बहिरेपणाची सगळी ज्ञात जनुकं एकत्र तपासणारी पॅनेल चाचणी सांगा, आणि त्यात अशरची जनुकं आहेत ना, हे तोंडी नव्हे तर कागदावर बघा. रक्ताचा नमुना पुरतो. अहवालात कधी कधी "अर्थ अनिश्चित" असा शेरा येतो. तो निदानही नाही आणि क्लीन चिटही नाही. अशा वेळी आई-वडिलांचंही रक्त तपासून दोन बिघाड दोघांकडून एकेक आलेत का हे पाहतात. अहवाल जनुकतज्ज्ञाकडून समजून घ्या, लॅबच्या काउंटरवर नाही.

चिऊचा अहवाल आठव्या वर्षी आला. मायो-सेव्हन-ए नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. पहिल्या प्रकारात हेच जनुक सगळ्यात जास्त आढळतं.

तिसरी पायरी: डोळ्याची योग्य तपासणी

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. चिऊला सहाव्या वर्षी डोळ्यांच्या शिबिरात नेलं होतं. तिने शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ओळखलं आणि कागदावर "नंबर नाही" असं लिहून मिळालं. तपासणी खोटी नव्हती. आरपीमध्ये आधी पडद्याच्या मधल्या भागाबाहेरच्या, अंधारात काम करणाऱ्या पेशी जातात. मधली, बारीक अक्षरं वाचणारी नजर पुष्कळ वर्षं टिकते. म्हणून तक्त्यावर ६/६ असलेलं मूल अंधारात चाचपडत असू शकतं.

त्याच वर्षीची गोष्ट तिच्या आईने मला नंतर सांगितली. संध्याकाळी वीज गेली, सगळी मुलं अंगणात पळाली आणि चिऊ ओट्यावर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आईने हाक मारली, इम्प्लांट चालू होतं, तरी तिने ओ दिली नाही. घरचे म्हणायचे, "रात्री ऐकतच नाही, हट्टी झालीये." खरं तर इम्प्लांट असलेलं मूलही निम्मं बोलणं ओठांवरून आणि चेहऱ्यावरून पकडतं. चेहरा दिसेनासा झाला की त्याचं ऐकणंही अर्धं होतं. बहिरं मूल अंधार पडल्यावर "ऐकेनासं" होत असेल, तर डोळे तपासा.

दिवेलागणीला पाहण्यासारख्या बाकीच्या गोष्टी अशा: उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ दारातच थांबणं, चपला पायाने चाचपून शोधणं, उंबरठ्याला आणि खाटेच्या कोपऱ्याला वारंवार ठेचकाळणं, लग्नाच्या मांडवात किंवा थिएटरमध्ये पदर न सोडणं, बाजूने आलेला चेंडू न दिसणं.

घरी एक साधी परीक्षा करता येते. मुलाला समोर बसवून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. दुसऱ्या कुणीतरी मुलाच्या मागून, कानाच्या रेषेपासून, एक रंगीत खेळणं आवाज न करता हळूहळू पुढे आणावं. चांगल्या नजरेच्या मुलाला ते कानाच्या जवळपासच जाणवतं. ते थेट गालाच्या पुढे येईपर्यंत कळत नसेल तर संशय घ्यावा. पण ही परीक्षा पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला नजर अगदी कडेने जात नाही. मधल्या भागाभोवती कड्यासारखा पट्टा जातो आणि टोकाची नजर काही काळ शाबूत राहते.

खरं उत्तर देते ती ईआरजी. प्रकाशाचा झोत पडल्यावर पडदा किती वीज निर्माण करतो हे त्यात मोजतात. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मुलाला आधी वीस-एक मिनिटं काळोखात ठेवतात. लहानग्याला गरज पडल्यास गुंगी देतात. पहिल्या प्रकारात पडद्यावर डाग दिसायच्या आणि रातांधळेपणा जाणवायच्या कितीतरी आधी ईआरजी मंद किंवा सपाट येते. ही सोय मोठ्या नेत्ररुग्णालयात असते, म्हणून तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रेटिना तज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी घ्या आणि तीत "जन्मजात बहिरेपण, अशरची शंका" असं लिहायला सांगा. मूल सहा-सात वर्षांचं झालं की पेरिमेट्री, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी तपासणी, जमू लागते. ती दरवर्षी करून कागद एकाच फाइलला लावा.

रातांधळेपणा म्हटलं की घरोघरी गाजर आणि अ जीवनसत्त्व आठवतं. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रातांधळेपणा औषधाने थोड्याच दिवसांत सुधारतो, आरपीचा सुधारत नाही. मुलाला मनाने मोठे डोस देऊ नका, यकृताला इजा होते. रक्तात खरोखर कमतरता आहे का ते डॉक्टरांना पाहू द्या. बहिरेपण आणि आरपी एकत्र असणारे इतरही काही विरळे आजार आहेत. त्यातल्या रेफ्सम नावाच्या आजारात आहार बदलून फायदा होतो, म्हणून जनुकनिदान पक्कं होणं महत्त्वाचं.

चौथी पायरी: कान आधी, आणि पूर्ण ताकदीने

डोळ्याचं निदान झालं की पालक डोळ्यांच्या मागे धावतात. साहजिक आहे. पण पडद्याचा ऱ्हास थांबवणारा मान्यताप्राप्त उपचार अशरसाठी आज नाही. कानासाठी मात्र आहे, आणि त्याला वयाची मुदत आहे. जन्मतः अतितीव्र बहिरेपण असेल तर कॉक्लियर इम्प्लांट जितकं लवकर तितकं बोलणं चांगलं येतं. शक्यतो पहिल्या-दुसऱ्या वर्षात करा, तिसरं उलटू देऊ नका. दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण वयाची अट आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या कामासाठी माहितीची जागा आहे. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातूनही कागद पुढे सरकतात.

चिऊला दोन वर्षं चार महिन्यांची असताना एका कानाला इम्प्लांट झालं. पुढे दुसऱ्या कानाचाही विचार व्हावा असं मी सांगते, कारण आवाज कुठून आला हे दोन कानांवरूनच ठरतं. ज्याचा घेर उद्या आक्रसणार आहे, त्याला मागून येणाऱ्या दुचाकीची बाजू कानानेच कळायला हवी.

काही घरं इम्प्लांट न करता फक्त खुणांच्या भाषेचा मार्ग धरतात. तो मार्ग मी कमी लेखत नाही. फक्त अशर असेल तर खुणा बघण्याची खिडकीही पुढे अरुंद होणार आहे, हे माहीत असताना निर्णय घ्यावा. इम्प्लांट असलं तरी खुणा शिकवाच. आंघोळीला, झोपताना, बॅटरी संपल्यावर यंत्र बंदच असतं. खुणा करताना गडद, साध्या रंगाचा सदरा घाला, दीड-दोन मीटर अंतर ठेवा आणि हात चेहऱ्या-छातीच्या चौकटीतच हलवा. पुढे कधी गरज पडली तर याच खुणा हातात हात घेऊन करता येतात.

पाचवी पायरी: घर, शाळा, पाणी

घरात फार खर्च लागत नाही. उंबरठ्यावर आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, चपलांची ठरलेली जागा. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद असावं, कारण अर्धवट उघड्या दाराची कड कपाळाला लागते. स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी मंद उजेडात दिसत नाही, म्हणून चिऊची आजी आता तिला गडद निळ्या ताटात भात वाढते. रात्री यंत्र काढलेलं आणि दिवा मालवलेला, म्हणजे मूल दोन्हीकडून बंद. उशाखाली टॉर्च ठेवा आणि स्पर्शाच्या दोन-तीन खुणा ठरवा. चिऊच्या घरात खांद्यावर दोन थापा म्हणजे "मी आहे", तळहातावर गोल म्हणजे "ऊठ".

शाळेत बहिऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवायची पद्धत आहे. घेर अरुंद असेल तर इतक्या जवळून फळ्याचा एक तुकडाच दिसतो आणि बाई बाजूला सरकल्या की नजरेतून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत मध्यभागी, खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड बाईंच्या चेहऱ्यावर पडेल. बाईंनी गळ्यात घालायचा, थेट इम्प्लांटला आवाज पाठवणारा मायक्रोफोन मिळाला तर अंतराचा प्रश्न सुटतो. जिन्याच्या आणि मैदानाच्या वेळी एक ठरलेला सोबती द्या. पांढऱ्या काठीचं आणि स्वतंत्र वावरण्याचं शिक्षण गरज पडायच्या आधीच सुरू करा. दिसत असताना शिकलेलं अंगवळणी पडतं.

पाण्याबद्दल मी कडक आहे. गावाकडे उन्हाळ्यात मुलांना विहिरीत पोहायला शिकवतात. पहिल्या प्रकारच्या अशरमध्ये तोलाचं यंत्र नसतं. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे मूल फक्त नजरेनेच ठरवतं, आणि गढूळ पाण्यात तेही जातं. पोहताना इम्प्लांटचं यंत्र काढलेलं असलं तर हाकही ऐकू येत नाही. म्हणून विहीर आणि नदी नको. स्वच्छ पाण्याच्या तलावात, भर उजेडात, लाइफ जॅकेट घालून आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर असतानाच.

सहावी पायरी: प्रमाणपत्र नीट करून घ्या

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्ण-अंधत्व हे बहुविकलांगतेत स्पष्टपणे धरलेलं आहे. पण बहुतेक मुलांच्या कार्डावर फक्त कर्णबधिर असं लिहिलेलं असतं, कारण तक्त्यावर नजर ६/६ येते. याच कायद्यात नजरेच्या घेराचीही मोजणी आहे: घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. म्हणून वैद्यकीय मंडळापुढे जाताना पेरिमेट्रीचा कागद हातात असू द्या आणि घेराची नोंद करायला सांगा. घेर अजून त्या मर्यादेत आला नसेल तर आत्ता बहिरेपणाचं कार्ड काढा आणि घेर घटल्यावर पुन्हा मूल्यांकन मागा. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक यांसाठी हे कार्ड लागतं. कर्ण-अंध मुलांच्या शिक्षणाचा अनुभव मुंबईच्या हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड आणि अहमदाबादच्या सेन्स इंडिया या संस्थांकडे आहे. त्यांच्याशी लवकर बोला.

दरवर्षी काय करायचं

वर्षातून एकदा रेटिना तज्ज्ञाकडे जा, "काही उपचारच नाही तर कशाला" असं म्हणू नका. आरपीमध्ये पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, ती ओसीटी स्कॅनमध्ये दिसते आणि औषधाने बरेचदा उतरते. पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, त्याची शस्त्रक्रिया होते. दोन्हीकडे दुर्लक्ष झालं तर टिकून राहिलेली मधली नजर विनाकारण कमी होते.

या वाटेवर स्टेम सेलच्या जाहिराती तुम्हाला गाठतीलच. चिऊच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकायची तयारी केली होती. आरपीवर असे पैसे घेऊन केले जाणारे इंजेक्शनचे उपचार मान्यताप्राप्त नाहीत आणि त्यातून असलेली नजरही गेल्याचे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. डोळ्याच्या एका जनुकासाठी मान्य झालेली उपचारपद्धती जगात आहे, पण ते जनुक वेगळं, अशरचं नाही. अशरच्या काही जनुकांवर प्रयोग चालू आहेत. खऱ्या प्रयोगात सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, जनुक कोणतं? म्हणून तो अहवाल प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवा.

चिऊला धाकटा भाऊ झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचा अहवाल हाताशी असल्याने बाळाची कानाची ओएई तपासणी तिसऱ्या दिवशीच केली. ती नापास आली. मग बेरा केली आणि त्याच आठवड्यात रक्त फक्त त्या एका जनुकासाठी पाठवलं. बाळालाही अशर आहे. त्याचं इम्प्लांट पहिला वाढदिवस व्हायच्या आत झालं, आणि मान धरायला मदत म्हणून फिजिओथेरपी चौथ्या महिन्यापासूनच सुरू झाली. संध्याकाळी दिवा लागला की चिऊ त्याच्या तळहातावर गोल काढून दाखवते.